‘दृष्टिकोन ४’पासून ‘चार डिग्री उरले’पर्यंत

रत्नागिरीजवळच्या एका आंबारस कारखान्यात मी युटिलिटी सांभाळते. बॉयलर, चिलर, कूलिंग टॉवर आणि पाणी हे सगळं माझ्याकडे. तीन वर्षांपूर्वी ठरलं की चिलर प्लांटचं लॉगशीट आणि कामाच्या सूचना मराठीत करायच्या, कारण रात्रपाळीचे ऑपरेटर इंग्रजी रकाने अंदाजाने भरत होते. बाहेरून करून आणलेलं एक भाषांतर आधीच भिंतीवर लागलेलं होतं. त्यात ॲप्रोचला ‘दृष्टिकोन’ म्हटलं होतं, रेंजला ‘श्रेणी’ आणि ब्लोडाऊनला ‘निचरा’. दृष्टिकोन आणि श्रेणी मी पहिल्याच दिवशी खोडले. ‘निचरा’ मात्र मला बरा वाटला आणि मी तो तसाच ठेवला. तो शब्द आम्हाला महागात पडला, ते पुढे येईलच.

सुरुवात रेंजपासून केली, कारण तो सगळ्यांत सोपा वाटत होता. टॉवरवर येणारं गरम पाणी ३७ अंश, खाली टाकीत पडलेलं ३२ अंश, म्हणजे रेंज ५. ‘श्रेणी’ म्हटलं की ऑपरेटरला वाटायचं, ३२ ते ३७ मध्ये पाणी असलं की झालं. मग ‘फरक’ लिहून पाहिलं, पण लॉगशीटवर फरक सतरा गोष्टींचे असतात. शेवटी तापाचा शब्द घेतला: उतार. ताप उतरतो तसं पाणी टॉवरमध्ये पाच अंशांनी उतरतं. आणि तो शब्द घेतल्यावर त्याचा जोडीदार आपोआप हाती आला. चिलर रस थंड करताना काढलेली उष्णता कंडेन्सरमध्ये पाण्याला देतो. हेच पाणी त्या कंडेन्सरमध्ये ३२ ला शिरतं आणि ३७ ला बाहेर पडतं, तो चढ. कंडेन्सरमध्ये जितकं चढलं तितकंच टॉवरमध्ये उतरतं.

चढ-उतार हे दोन शब्द शेजारी आल्यामुळे एक जुना गैरसमज गेला. उतार ५ वरून ३ वर आला की आमच्याकडे ‘टॉवर काम करत नाही’ अशी ओरड व्हायची. पण पंप तोच आणि पाण्याचा प्रवाह तोच असेल तर उतार कमी होतो तो चिलरवरचा भार कमी झाल्यामुळे. रस थंड करायचं काम थांबलं, कंडेन्सरमध्ये पाणी कमी चढलं, म्हणून टॉवरमध्ये कमी उतरलं. उतारावरून टॉवरची लायकी ठरत नाही.

ती ठरते ॲप्रोचवरून, आणि मी सर्वांत जास्त अडकले तीही इथेच.

कूलिंग टॉवर पाणी थंड करतो ते थोडं पाणी वाफ होऊन उडाल्यामुळे, माठासारखं. हवा जितकी कोरडी तितका माठ गार. आपल्या किनाऱ्यावर मे महिन्यात माठातलं पाणी घाटावरच्यासारखं गार होत नाही, कारण हवेतच ओल भरलेली असते. पाणी किती खाली जाऊ शकतं याची सीमा थर्मामीटरला ओलं कापड गुंडाळून मोजता येते. मी ती टॉवरच्या हवा आत घेणाऱ्या बाजूला उभी राहून, थर्मामीटर दोन-तीन मिनिटं गरगर फिरवून घेते. मेमधल्या दुपारी साधा थर्मामीटर ३३ दाखवत असताना ओल्या कापडाचा २८ दाखवतो. पाणी या २८ च्या खाली जाणारच नाही. टॉवरने ते ३२ पर्यंत आणलं, म्हणजे ४ अंश बाकी राहिले. तो ॲप्रोच.

मी आधी ‘जवळीक’ लिहिलं. अर्थाने बरोबर होतं, पण आकडा उलटा बोलत होता. जवळीक ४ ची ७ झाली म्हणजे जवळीक वाढली, चांगलं झालं, असंच कोणीही वाचेल. प्रत्यक्षात टॉवर बिघडलेला असतो: पाणी पसरवणारं फिल चोंदलेलं, नोझल बुजलेले किंवा पंख्याचा पट्टा सैल. आकडा वाढणं वाईट, हे शब्दानेच सांगायला हवं होतं. ‘समीपता’ आणि ‘सान्निध्य’ यांचीही तीच अडचण, आणि वर ते शब्द पंपहाऊसमध्ये कोणी बोलणार नाही.

शब्द मिळाला तो शिरोड्याकडच्या एका काकांकडून. त्यांना मी ओल्या कापडाचं सगळं समजावत होते. त्यांनी दोन्ही थर्मामीटर पाहिले आणि म्हणाले, “म्हणजे मॅडम, अजून चार डिग्री रवले.” मालवणीत रवले म्हणजे राहिले, उरले. मी रकान्याच्या डोक्यावर लिहिलं: ‘हवेपासून उरलेलं अंतर’. चार उरले, सात उरले. सात उरले म्हटल्यावर कोणालाही कळतं की काम अर्धवट राहिलंय.

‘हवेपासून’ हा शब्द जोडला, कारण ॲप्रोच चिलरमध्येही असतो आणि तो वेगळा असतो. कंडेन्सरमध्ये चिलरचा थंड करणारा गॅस ज्या तापमानाला द्रव होतो ते, आणि तिथून बाहेर पडणाऱ्या पाण्याचं तापमान, यांतलं अंतर. आमच्याकडे पाणी ३७ ला बाहेर पडतं तेव्हा गॅस ३९ ला असतो, म्हणजे अंतर २. त्याला मी ‘गॅसपासून उरलेलं अंतर’ म्हटलं. इंग्रजी शीटवर दोन्ही रकान्यांवर नुसतं ‘ॲप्रोच’ होतं आणि बरेच जण टॉवरचा आकडा दोन्हीकडे लिहीत होते. ही खोड नवीन शीट आल्यावर लगेच गेली नाही, आणि तेवढ्यात निचऱ्याचं प्रकरण घडलं.

एप्रिलच्या शेवटी पाण्याची टंचाई सुरू झाली आणि मी फळ्यावर लिहिलं, ‘निचरा बंद ठेवावा, पाणी वाचवावं.’ मला म्हणायचं होतं टाकीच्या तळाचा ड्रेन, जो फरशी धुतल्यावर अर्धवट उघडा राहायचा. ऑपरेटरने लॉगशीटवर ‘निचरा’ ज्याला लिहिलं होतं तो व्हॉल्व्ह बंद केला. तो ब्लोडाऊनचा होता, म्हणजे टॉवरमधलं क्षार साठलेलं पाणी थोडं थोडं बाहेर सोडण्याचा. त्याची यात काहीच चूक नव्हती. एकच शब्द मी दोन व्हॉल्व्हना दिला होता.

तीन आठवड्यांनी, ऐन हंगामात, कॉम्प्रेसरचे अँपिअर नेहमीपेक्षा दहा टक्क्यांच्या आसपास वर गेलेले दिसले. हवेपासूनचं अंतर ४, उतार ५, सगळं नेहमीसारखं. गॅसपासूनच्या रकान्यातही ४ लिहिलेला, पण तो टॉवरचाच उतरवलेला होता. मी गेजवर स्वतः पाहिलं: गॅस ४३, पाणी ३७. अंतर २ चं ६ झालं होतं. टॉवर ठीक, भार ठीक, मग उष्णता अडतेय ती नळ्यांच्या भिंतीत. पाण्यात क्षार किती ते वाहकतेवरून कळतं, म्हणून मीटर पाण्यात धरला. नव्याने भरायच्या पाण्याची वाहकता ४०० होती आणि टॉवरच्या टाकीतली ४६००. साडेअकरा पट. आम्ही चौपटीच्या वर जात नाही. पंपाच्या ग्लँडमधून आणि उडणाऱ्या तुषारांतून थोडं पाणी जात होतं म्हणून, नाहीतर आकडा आणखी वर गेला असता.

कंडेन्सरचं झाकण उघडलं तेव्हा नळ्यांच्या आत पांढरट थर होता, नखाने खरवडला तर भुकटी पडत होती. कँटीनमधून लिंबू आणून त्या भुकटीवर पिळलं. बारीक बुडबुडे आले. चुनाच होता. नळ्या ब्रशने घासल्या, मग डिस्केलिंग करून घेतलं. त्यात दीड दिवस चिलर बंद राहिला आणि रसाचं एक अख्खं वेळापत्रक कोलमडलं.

त्यानंतर ब्लोडाऊनवर नीट बसले. हा शब्द आमच्या लोकांच्या तोंडी आहेच, ‘ब्लोडाऊन मारला का?’ असं विचारतात. पण तो बॉयलरवरून आलाय. बॉयलरला पाळीत एकदा व्हॉल्व्ह जोरात उघडून गाळ बाहेर फेकतात. बॉयलरवर काम केलेला माणूस टॉवरलाही तेच करतो: एकदम भडाभडा सोडतो आणि मग दिवसभर बंद. टॉवरला लागतं ते सतत, थोडं थोडं सोडणं. म्हणून मूळ इंग्रजी शब्द टॉवरसाठी ठेवायचा नाही असं ठरवलं. बॉयलरचा तो ब्लोडाऊन, टॉवरचं ते ‘सोडपाणी’, आणि तळाचा तो ‘ड्रेन’. तिन्ही व्हॉल्व्हना वेगळ्या रंगाच्या पाट्या लावल्या.

पण का सोडायचं, हे शब्दातून कळत नव्हतं. तेही शिरोड्याच्या काकांनीच सोपं केलं. त्यांच्या गावाला मिठागरं आहेत. वाफ उडते, मीठ मागे राहतं, हे त्यांना सांगावं लागलं नाही. “म्हणजे टाकीचा मिठागर होता,” एवढंच म्हणाले. इंग्रजीत ज्याला सायकल्स ऑफ कॉन्सन्ट्रेशन म्हणतात त्यासाठी पुस्तकी ‘संहतीची आवर्तने’ मी लिहून ठेवलं होतं, ते खोडलं आणि ‘किती पट आटलं’ असं लिहिलं. दूध आटवतो तसं. चार भांडी पाण्यातलं मीठ एका भांड्यात आलं म्हणजे चौपट आटलं. मोजायची रीतही तीच: टाकीतल्या पाण्याची वाहकता भागिले भरायच्या पाण्याची.

मग हिशोब भिंतीवर लिहिला. प्रवाह ताशी १३० घनमीटर आणि उतार ५ असताना तासाला साधारण १००० लिटर पाणी उडून जातं. सोडपाण्याचं सूत्र असं:

सोडपाणी = उडालेलं पाणी ÷ (पट − १)

चौपटीला १००० भागिले ३, म्हणजे तासाला ३३३ लिटर. दुपटीवर ठेवलं तर १००० लिटर सोडावं लागेल. सहापटीवर नेलं तर २०० लिटर. चौपटीवरून सहापटीवर गेल्याने तासाला १३३ लिटरच वाचतात, आणि आमच्या पाण्याच्या क्षारांना सहापट झेपत नाही. मेमध्ये खाडीजवळच्या बोअरचं पाणी टँकरने येतं तेव्हा भरायचं पाणीच खारट असतं. तेव्हा पट कमी धरावी लागते. म्हणून शीटवर ठरलेली पट छापली नाही, दोन्ही वाहकतांचे रकाने ठेवले आणि टाकीतल्या पाण्याची वरची मर्यादा लिहिली.

काही शब्द तसेच ठेवले. चिलर, कंडेन्सर, फिल, नोझल यांना कोणी मराठी मागितलं नाही. वाफेने गेलेलं ते ‘उडालेलं’, भरायचं ते ‘भरपाई पाणी’, यावर वादच झाला नाही.

गॅसपासूनचं अंतर अजूनही गेजवर वाचावं लागतं आणि तो रकाना रात्रपाळीत कधीकधी रिकामा राहतो. चुकीचा ४ लिहिण्यापेक्षा रिकामा बरा, असं मी सांगून ठेवलंय. जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्रीचं शीट माझ्याकडे आहे. काकांच्या अक्षरात शेऱ्यात लिहिलंय: ‘ओलं कापड २६, पाणी ३०. चार उरले. उतार ५. गॅसपासून २. पावणेचारपट. सोडपाणी चालू, ड्रेन बंद.’