दहा फुटांवरचा टीव्ही

रविवार, रात्र

आजीच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी फोटोंचा व्हिडिओ, खाली माणसांची नावं. लॅपटॉपवर सगळं ठळक दिसतंय, आणि तिथेच फसायला होतं. आजीच्या खोलीतला टीव्ही ३२ इंची, खाटेपासून दहा फुटांवर. ३२ इंची पडद्याची उंची जेमतेम ४० सेंमी भरते. दहा फुटांवरून तो केवढा वाटतो? फोन आडवा धरून हात पूर्ण लांब केला तर वाटतो, तेवढाच. ‘टीव्ही मोठा आहे, दिसेल’ हा हिशेब म्हणूनच चुकतो. पंधरा इंची लॅपटॉपवर टीव्हीचा अंदाज घ्यायचा तर उठून पाच फूट मागे जाऊन बघावं. तिथून फोटोखालची नावं वाचता आली नाहीत, तर आजीलाही येणार नाहीत.

अक्षर किती मोठं हवं, याचा हिशेब डोळ्यांच्या डॉक्टरांकडच्या तक्त्यावरून मांडता येतो. ६/६ नजरेला सहा मीटरवरून सुमारे ९ मिमी उंचीचं अक्षर ओळखता येतं. दहा फूट म्हणजे त्याच्या निम्मं अंतर, तेव्हा साडेचार मिमी पुरेल. पण चष्मा लावूनही नजर ६/१२, म्हणजे त्याच्या निम्मी, असेल तर ९ मिमी लागतील, आणि तेही कसंबसं ओळखण्यापुरते. सहज वाचायला त्याच्या दुप्पट धरावेत, म्हणजे १८ मिमी. १९२० × १०८० च्या चौकटीत या टीव्हीवर ते साधारण ५० पिक्सेल होतात.

हे ५० पिक्सेल शिरोरेखेपासून अक्षराच्या पायापर्यंतचे, वरखालच्या मात्रा सोडून. सॉफ्टवेअरमध्ये दिसणारा फॉन्टचा आकडा हा नव्हे. एकाच आकड्याला एका फॉन्टचा ‘क’ उंच येतो, दुसऱ्याचा बुटका. त्यामुळे ५० पिक्सेल उंचीचा एक चौकोन काढून ‘क’च्या शेजारी ठेवायचा आणि तो भरेपर्यंत अक्षर वाढवायचं. या मापात एका ओळीत चार-पाच शब्द बसतात आणि दोन ओळींपुढे जायचं कारण नसतं. ओळींत मोकळी जागा ठेवावी, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. अक्षरांना जाड काळी किनार द्यायचा मोह टाळलेला बरा. ‘ष्ट’, ‘क्ष’ यांची पोटं बुजतात आणि लांबून नुसता ठिपका दिसतो. त्यापेक्षा अक्षरांमागे गडद पट्टी आणि वर किंचित पिवळसर पांढरं अक्षर. काही टीव्ही चित्राच्या कडा कापतात, म्हणून मजकूर डावी-उजवीकडून शंभर आणि खालून साठ पिक्सेल आत.

आता वेग. साठ फोटो आणि चार मिनिटांचं गाणं, म्हणून एका फोटोला चार सेकंद, असा हिशेब बहुतेक घरी होतो. त्यातही एक फोटो विरत दुसरा उमटतो ते एक सेकंदाचे डिझॉल्व्ह दोन्ही बाजूंनी खातात आणि स्वच्छ फोटो दोन-तीन सेकंदच उरतो. तेवढ्यात आजीचं ‘हा कोण गं?’ विचारून होतं, आणि उत्तर मिळेपर्यंत पुढचं लग्न सुरू!

म्हणून आधी फोटो कमी केले. साठाचे बत्तीस. एक-दोन माणसांचे वीस, त्यांना सात-सात सेकंद. घोळक्याचे बारा, त्यांना चौदा. मधल्या नुसत्या मजकुराच्या चार पाट्यांना सहा-सहा. सगळे मिळून ३३२ सेकंद, साडेपाच मिनिटांच्या जरा वर. गाणं कमी पडतं, तर दुसरं जोडावं. फोटोंना गाण्याच्या मापात कोंबू नये.

घोळक्याच्या फोटोचे चौदा सेकंद असे वाटले: पहिले चार सेकंद मजकुराविना पूर्ण फोटो, कारण वयस्क नजर आधी ओळखीचा चेहरा शोधते. मग नावं, ‘डावीकडून माई, नाना, बाळूकाका’, आठ सेकंद. शेवटचे दोन पुन्हा नुसता फोटो. नावं पुढच्या डिझॉल्व्हआधी गेलीच पाहिजेत, नाहीतर माईंच्या नावावर पुढच्या फोटोतल्या आत्या दिसतात. नावं असताना फोटो हलता ठेवायचा नाही. डोळा अक्षरांवर असताना मागचं चित्र सरकलं की दोन्ही हातचं जातं. आठ सेकंद पुरतात का, हे पाहायला ती ओळ आजीच्या चालीने मोठ्यांदा वाचायची आणि वर दोन सेकंद धरायचे. मनातल्या मनात वाचून लावलेली वेळ हटकून कमी पडते. मजकूर आपणच टाइप केलेला असतो, तो आपण वाचत नाही, नुसता ओळखतो.

पेनड्राइव्हवर घालून एकदा त्याच टीव्हीवर, खाटेवर बसून, रात्रीचा ट्यूबलाइट लावून बघायचं राहिलंय. आणखी एक: फाइल संपताच बरेच टीव्ही थेट फाइलींच्या यादीवर उडी मारतात किंवा पुढचाच व्हिडिओ लावतात. म्हणून आजी-आजोबांचा शेवटचा फोटो दहा सेकंद, आणि त्यापुढे तीन सेकंद नुसता काळा पडदा.