अकरा शब्दांचे सूप

तुम्ही विचारलंत म्हणून: "मेनूमधली वर्णनं इतकी छोटी करूनही ती वाचून भूक कशी लागते?"

मी वर्णन कापायला बसण्याआधी स्वयंपाकघरात जाऊन पदार्थ कसा होतो ते विचारून घेतो, कारण लांबलेल्या वर्णनात बहुधा माहिती कमी आणि कौतुकच जास्त असते. एका उपाहारगृहाच्या मेनूवर टोमॅटो सूपच्या नावाखाली असे लिहिलेले होते: "आमच्या शेफच्या खास पाककृतीनुसार ताज्या व निवडक टोमॅटोंपासून प्रेमाने बनवलेले, जिभेवर रेंगाळणारे, अत्यंत स्वादिष्ट आणि आरोग्यदायी असे गरमागरम टोमॅटो सूप." हे वीस शब्द "टोमॅटो" बदलून पालकाच्या सुपाखाली छापले असते, तरी कोणाला काही खटकले नसते. माझी पहिली कसोटी हीच: जे शब्द शेजारच्या पदार्थालाही चालतात, ते जातात. नाव वर छापलेले असल्यामुळे "टोमॅटो सूप" हेही खाली पुन्हा लागत नाही.

शेफला विचारल्यावर कळले की टोमॅटो आणि लसूण ओव्हनमध्ये कडा काळसर होईपर्यंत भाजतात, वरून क्रीम सोडतात आणि सोबत शेकलेला पाव देतात. पहिल्या मसुद्यात मी "कडा करपेपर्यंत भाजलेले" असे लिहिले होते. ते खरे होते, पण "करपणे" म्हटले की मराठी वाचकाला स्वयंपाकातली चूकच आठवते. "खरपूस" या शब्दात रंग आणि वास दोन्ही येतात, दोषाची छटा मात्र येत नाही. शेवटी वर्णन असे झाले: "ओव्हनमध्ये खरपूस भाजलेले टोमॅटो व लसूण, वरून क्रीम, सोबत कुरकुरीत पाव." अकरा शब्दांत आणखी एक कमी करण्यासाठी मालक "क्रीम" काढा म्हणत होते, ते मी काढू दिले नाही, कारण दूध न चालणाऱ्या माणसाला त्या ओळीत तेवढीच माहिती हवी असते.

हाच साचा मग सगळ्या मेनूला लावला: आधी शिजवण्याची रीत व मुख्य घटक, मग वरून काय आणि शेवटी सोबत काय, क्रियापद नाही, मर्यादा बारा शब्दांची. शेफना त्यांच्या लाडक्या पदार्थासाठी दोन ओळी हव्या होत्या (त्या प्रत्येक शेफला हव्या असतात), पण एकोळी वर्णनांत दोनोळी वर्णन आले की बाकीचे पदार्थ उगाच दुय्यम वाटू लागतात.

साच्याचा धोका मला नावे झाकून फक्त वर्णने वरून खाली वाचताना दिसला: "कुरकुरीत" पाच ठिकाणी आले होते. तिथे प्रतिशब्द शोधण्यात अर्थ नव्हता, कारण ते पाच पदार्थ एकसारखे कुरकुरीत नव्हतेच. पुन्हा विचारल्यावर एकावर तीळ लावतात, एक पापुद्र्यांचा असतो आणि एक तर वाढेपर्यंत मऊ पडतो, असे निघाले. त्या शेवटच्या पदार्थावरून "कुरकुरीत" काढून टाकले.