मीटरवरचे १३ टक्के खरे १५ निघाले : भरावाच्या दबाईचा माझा अनुभव

रस्त्याच्या भरावाचा एकच थर तीन दिवस अडून बसला होता. साइटवरची लॅब म्हणे पास, आमचा ओव्हन म्हणे फेल. खड्डा तोच, माती तीच. भांडण नुसतं ओलाव्याच्या आकड्याचं होतं, आणि त्या आकड्यावर अजूनही माझा राग आहे.

किती पाण्याला माती सर्वांत घट्ट बसते हे सांगणारी लॅबमधली हेवी प्रॉक्टर चाचणी सरळ झाली. १००० घनसेंमीचा साचा, ४.९ किलोचा हातोडा, ४५० मिमीवरून पाच थरांत प्रत्येकी २५ ठोके. मातकट मुरमाची कोरडी घनता ७ टक्के ओलाव्याला घनसेंमीला १.८४ ग्रॅम आली, ९ ला १.९१, ११ ला १.९६, १३ ला १.९३ आणि १५ ला १.८५. म्हणजे सर्वांत जास्त घनता देणारा ओलावा, ओएमसी, ११ टक्के आणि ती कमाल कोरडी घनता, एमडीडी, १.९६. भरावाला एमडीडीच्या ९५ टक्के दबाई हवी, म्हणजे किमान १.८६. ओलावा ओएमसीच्या एक टक्का वर ते दोन टक्के खाली, म्हणजे ९ ते १२ मध्ये हवा.

मुरूम ठोक्यांनी फुटतो, म्हणून ओलावा-घनतेच्या वक्राच्या प्रत्येक बिंदूला ताजा नमुना घ्या. एकदा कुटलेलीच माती पुन्हा पाणी घालून कुटली तर तिच्यात बारीक भाग वाढलेला असतो. तो वक्र मग तुमच्या भरावाचा राहत नाही.

आता अडलेला थर. थरात खड्डा खणून त्यात वाळू भरून त्याचं आकारमान काढायचं, या सँड रिप्लेसमेंट पद्धतीने खड्डा घेतला. शंकूतली वाळू वजा करून खड्ड्यात १६५० ग्रॅम वाळू गेली. वाळूची घनता १.४३, म्हणून खड्डा ११५४ घनसेंमीचा. त्यातून निघालेली ओली माती २४४६ ग्रॅम, म्हणजे ओली घनता २.१२. इथवर दोघांचे आकडे जुळत होते.

ओलावा साइटवाल्यांनी कार्बाइडच्या मीटरवर घेतला; त्यात कार्बाइड आणि मातीतलं पाणी मिळून वायू होतो आणि त्याच्या दाबावर काटा हलतो. काटा १३ वर थांबला. त्यांनी २.१२ ला १.१३ ने भागलं, १.८७६ आले, ९५.७ टक्के, पास! ओव्हनमध्ये १०५ ते ११० अंशांवर रात्रभर ठेवलेल्या त्याच मातीचा ओलावा मात्र १५ च्या जवळ निघाला. दोन दिवस "तुमचा ओव्हनच बिघडलाय" हे ऐकून घ्यावं लागलं.

ओव्हनही ठीक होता आणि मीटरही. मीटर पाण्याचं प्रमाण ओल्या मातीच्या वजनावर दाखवतो, आणि प्रॉक्टरचा सगळा हिशेब कोरड्या मातीच्या वजनावर असतो. १०० ग्रॅम ओल्या मातीत १३ ग्रॅम पाणी म्हणजे कोरडी माती ८७ ग्रॅम. १३ भागिले ८७, म्हणजे १४.९ टक्के. २.१२ ला १.१४९ ने भागा : १.८४५, फक्त ९४.१ टक्के. काटा ५ वर असेल तर फरक पाव टक्क्याचा, म्हणून कोरड्या दिवसांत ही चूक कुणाच्या नजरेत येत नाही.

मग सुचवणी आली : "रोलरचे चार पास आणखी मारू." मारले. आकडा हलला नाही. हलणारही नव्हता, कारण १४.९ ला १.८४५ हा बिंदू लॅबच्या वक्राच्या ओल्या उतारावरच बसतो. म्हणजे रोलरने लॅबइतकी दबाई आधीच दिली होती, अडचण पाण्याची होती. अशा मातीत बाहेर पडायला हवा फार उरत नाही आणि पाणी तेवढ्या वेळात निघत नाही. रोलरपुढे थर उशीसारखा दबतो आणि मागे फुगून वर येतो. हे डोळ्यांना दिसतं, त्याला मीटर लागत नाही. याउलट बिंदू वक्राच्या बराच खाली पडला असता, तर जादा पासचा उपयोग झाला असता.

शेवटी थर डिस्क हॅरोने उकरला आणि दोन उन्हं दाखवली. मीटर ९.९ वर आला, खरा ओलावा ११. पुन्हा रोलर. ओली घनता २.११, कोरडी १.९०, ९७ टक्के. तेव्हा कुठे हायसं वाटलं!

राहिलेलं एक : मीटरमध्ये जाते जेमतेम ६ ग्रॅम माती. ढेकूळ तसंच टाकलं तर कार्बाइड आतल्या पाण्यापर्यंत पोचत नाही आणि काटा कमी दाखवतो. मुरमासाठी तर खड्ड्यातली सगळी माती ओव्हनमध्ये किंवा तव्यावर वाळवलेली बरी.

आणि वाळू ओतताना शेजारचा रोलर थांबवा. हादऱ्याने वाळू खड्ड्यात घट्ट बसते, जास्त जाते, खड्डा मोठा वाटतो आणि चांगला थर विनाकारण फेल होतो. खड्ड्यातून उचललेली वाळू न चाळता, न वाळवता परत वापरली तर तिची १.४३ ही घनताही धरता येत नाही.