आमची वाटचाल : चार दुकानं आणि वाढीचा खरा आकडा

साताऱ्यात मोती चौकात वडिलांनी पेढ्याचं दुकान टाकलं तेव्हा हिशेब सोपा होता. गल्ला एक, वही एक. गेल्या वर्षीपेक्षा यंदा जास्त विकलं की धंदा वाढला. २०१६ साली कराडला दुसरं दुकान झालं, तरीही फारसा फरक पडला नाही, कारण दोन दुकानांची बेरीज शेजारी शेजारी मांडली की काम भागायचं. खरा गोंधळ सुरू झाला तो पुढच्या दोन दुकानांनी. २०२३ च्या दसऱ्याला, म्हणजे २४ ऑक्टोबरला, आम्ही कोरेगाव उघडलं आणि २०२४ मध्ये १६ ऑगस्टला, गणपतीच्या तोंडावर, साताऱ्यातच गोडोलीला चौथं.

मार्च २०२५ संपल्यावर आमच्या अकाउंटंटने वर्षाचा कागद टेबलावर ठेवला. एकूण विक्री २६९ लाखांवरून ३४८ लाखांवर. वाढ २९ टक्के. (आकडे गोल केलेत, प्रमाण खरं आहे. सगळे जीएसटी वगळून.) बँकेला द्यायला हा कागद छानच होता. पण धाकट्या भावाने त्यातून पुढचा हिशेब काढला, "दादा, २९ टक्क्यांनी वाढतोय तर वाईलाही टाकू की." मला मात्र मोती चौकातल्या गल्ल्यावर बसल्यावर २९ टक्के कुठे दिसत नव्हते.

दुकानवार फोड केली तेव्हा चित्र असं निघालं. मोती चौक १४२ वरून १३९. कराड ९६ वरून १०५. कोरेगाव ३१ वरून ६६. गोडोली शून्यावरून ३८. म्हणजे वाढलेल्या ७९ लाखांपैकी ७३ लाख एकट्या कोरेगाव-गोडोलीचे. त्यातही कोरेगाव दुप्पट झालं म्हणून कौतुक करण्यात अर्थ नाही, कारण आदल्या वर्षी ते दुकान पाच महिने आणि वर थोडे दिवसच उघडं होतं.

नवी दुकानं बाजूला काढा आणि जुन्या दोघांची तुलना करा, असं कोणीही सांगेल. ती केली : २३८ वरून २४४, अडीच टक्के. पण कोरेगावला पूर्ण बाजूला टाकणं मला पटेना. त्या दुकानाचा दुसरा दसरा आणि दुसरी दिवाळी होऊन गेली होती. त्या काळाची आदल्या वर्षाशी सरळ तुलना होऊ शकते. मग ती का सोडायची? मोठ्या साखळी दुकानांत नवी शाखा पूर्ण वर्ष झालं की तुलनेत घेतात, त्याच धर्तीवर अकाउंटंटने नियम सुचवला : उघडल्याचा अर्धामुर्धा महिना सोडायचा आणि नोव्हेंबर ते मार्च हे पाच महिने दोन्ही वर्षांचे मांडायचे.

मांडले. कोरेगाव २८ वरून २६. दुकान सात टक्क्यांनी घसरलं! तिथला मॅनेजर माझा मावसभाऊ. तो कागद बघून काही बोलला नाही, नुसतं भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटून दाखवलं. २०२३ चं लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ चं १ नोव्हेंबरला. फराळाचं गिऱ्हाईक लक्ष्मीपूजनाच्या आधीच्या आठ-दहा दिवसांत येतं. म्हणजे पहिल्या वर्षीची दिवाळी नोव्हेंबरात धरली गेली आणि दुसऱ्या वर्षीची जवळजवळ सगळी ऑक्टोबरात सुटली. महिना हे माप किराणा दुकानाला चालेल, मिठाईला चालत नाही.

म्हणून आम्ही माप बदललं. कोरेगावची तुलना दसऱ्यापासून दिवस मोजून केली. २४ ऑक्टोबर २०२३ ते ३१ मार्च २०२४ हे १६० दिवस. पुढच्या वर्षी दसरा १२ ऑक्टोबरला, तिथून १६० दिवस मोजले की २० मार्च २०२५ येतो. १६० दिवसांच्या या दोन्ही खिडक्यांत एक दसरा, एक दिवाळी, एक संक्रांत, एक होळी, आणि पाडवा दोन्हींत नाही. विक्री ३१ वरून ३३. साडेसहा टक्के वाढ. एकच दुकान, तेच गिऱ्हाईक, पण एका कागदावर ते बुडतंय आणि दुसऱ्यावर चांगलं चाललंय. उद्घाटनाच्या दिवशी पेढ्यावर सूट होती, ती विक्रीही यात आहे. ती काढली असती तर वाढ थोडी जास्तच दिसली असती, पण एका दिवसासाठी नियमाला ठिगळ लावायचं नाही असं ठरवलं.

एकदा कॅलेंडर हातात घेतल्यावर जुन्या दोन दुकानांचा अडीच टक्क्यांचा आकडाही डळमळला. २०२३ चा गुढीपाडवा २२ मार्चला झाला, २०२४ चा ९ एप्रिलला आणि २०२५ चा ३० मार्चला. आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. म्हणजे २०२३-२४ या अख्ख्या वर्षात पाडवा आलाच नाही आणि २०२४-२५ मध्ये दोनदा आला! श्रीखंड विकणाऱ्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. पाडवा आणि त्याआधीचे तीन दिवस यांची विक्री घेतली, त्यातून साध्या चार दिवसांची सरासरी वजा केली. जास्तीची विक्री दोन्ही दुकानं मिळून एका पाडव्याला साधारण दोन लाख निघाली. दोन पाडव्यांचे चार लाख २०२४-२५ मधून वगळले.

पाडवा पुढे ढकलला गेला तो अधिक महिन्यामुळे, आणि त्याचंही देणं होतं. १८ जुलै ते १६ ऑगस्ट २०२३ अधिक श्रावण होता. जावयाला तेहतीस अनारसे द्यायची रीत आमच्याकडे अजून पाळतात, त्यामुळे त्या महिन्यात अनारशांच्या कढईला उसंत नव्हती. पुढच्या वर्षी ती मागणी नाही. ही जास्तीची विक्रीही दोन लाखांच्या घरात भरली. ती आदल्या वर्षातून काढली. वर्ष पाडव्यापासून पाडव्यापर्यंत धरावं असं भावाने सुचवलं होतं, पण मग एक वर्ष ३८४ दिवसांचं आणि दुसरं ३५५ दिवसांचं होतं, म्हणून तो नाद सोडला.

आता जुनी दोन दुकानं २३६ वरून २४०. कोरेगावच्या खिडकीसह २६७ वरून २७३. वाढ २.२ टक्के. २९ कुठे आणि २.२ कुठे! आणि यातही भाववाढ आलीच. म्हणून त्याच कागदावर शेजारी किलोचा रकाना ठेवलाय. रुपये वाढले आणि पेढ्याचे किलो जागच्या जागी असले तर कशाला वाढ म्हणायचं, हे ज्याचं त्याने ठरवावं.

तरीही मोती चौकाचा प्रश्न उरला. तिथले मॅनेजर वडिलांच्या वेळचे, आम्ही त्यांना काकाच म्हणतो. दिवाळीचा बोनस दुकानाच्या वाढीवर ठरतो आणि त्यांचं दुकान तीन लाखांनी खाली. काका स्पष्ट बोलले, "गोडोलीचं गिऱ्हाईक माझंच होतं. तुम्ही ते उचलून तिकडे नेलंत आणि खड्डा माझ्या नावावर लिहिलात."

हे तपासायला दोन वाटा होत्या. पहिली, गोडोली उघडण्याआधीचा आणि नंतरचा काळ वेगळा करणं. एप्रिलपासून १५ ऑगस्टपर्यंत मोती चौक ४२ वरून ४४ लाखांवर गेलं होतं, म्हणजे पाच टक्क्यांच्या आसपास वाढ. त्यात एक पाडवा जास्तीचा आहे आणि समोर अधिक महिन्याचे अनारसे आहेत, ते एकमेकांना बरेचसे कापतात. १६ ऑगस्टपासून मात्र १०० वरून ९५. आधीच्याच चालीने गेलं असतं तर १०५ झाले असते. म्हणजे दहा लाखांचा खड्डा.

दुसरी वाट बिलांवरच्या मोबाइल नंबरांची. गोडोलीत बिल झालेले नंबर मोती चौकाच्या आदल्या वर्षीच्या बिलांत शोधले. शाहूनगर, विलासपूरकडची बरीच घरं तीच निघाली. जुळलेल्या नंबरांची गोडोलीतली खरेदी ११ लाख. या वाटेत त्रुटी आहेत. पाव किलो फरसाण घेणारा नंबर देत नाही, आणि एकाच घरात नवरा एक नंबर सांगतो, बायको दुसरा. पण दोन वेगळ्या वाटांनी १० आणि ११ आलं, तेव्हा आकडा विश्वास ठेवण्याजोगा वाटला.

म्हणजे गोडोलीच्या ३८ लाखांपैकी खरी नवी विक्री २७ लाख, बाकी घरातल्या घरात हललेले. हे ११ लाख कुठे लिहायचे यावर आमच्यात बराच वाद झाला. मोती चौकात परत जमा केले तर तुलनेतल्या तीन दुकानांची वाढ २.२ वरून ६.४ टक्क्यांवर जाते. ती ओळ छापायची मला भीती वाटते, कारण पुढच्या वर्षी कोणतीही घसरण "नव्या शाखेने खाल्लं" म्हणून माफ करून घेता येईल. शेवटी असं ठरलं : मुख्य आकडा २.२ च राहील. त्याच्याखाली वेगळ्या ओळीत ११ लाखांचं हस्तांतर दिसेल, आणि सातारा शहर म्हणून मोती चौक अधिक गोडोली अशी एक बेरीज, १४२ वरून १७७. काकांचा बोनस मात्र हस्तांतर जमेला धरून काढला. अहवाल धंद्याचा असतो, बोनस माणसाच्या कामाचा. एकच आकडा दोन्हीकडे चालवायची सक्ती नाही.

गोडोलीला पहिल्या वर्षी वाढीचा टक्का द्यायचाच नाही, तिथे रेघ मारायची. तिला कोरेगावच्या पहिल्या महिन्यांशी ताडून बघायचा मोह झाला होता, पण गोडोलीच्या सुरुवातीलाच गणपती आणि कोरेगावच्या सुरुवातीला नाही. म्हणून फक्त जानेवारी-फेब्रुवारीतले साधे दिवस घेतले, संक्रांतीचा आठवडा सोडून. कोरेगावने पहिल्या हिवाळ्यात रोज १३ हजारांच्या आसपास विकलं होतं, गोडोलीने १४. भाडं गोडोलीचं बरंच जास्त आहे, त्यामुळे या हजाराचा मला फार आनंद नाही. वाईची जागा बघून आलो, बोलणी तूर्त थांबवलीत.

पुढच्या वर्षीच्या कागदासाठी काही गोष्टी आताच लिहून ठेवल्यात. २०२५ ची गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला, आदल्या वर्षीपेक्षा ११ दिवस आधी. त्यामुळे गोडोली तुलनेत येईल ती ५ ऑगस्टपासून, १६ पासून नव्हे. २२ सप्टेंबर २०२५ पासून पाकीटबंद फरसाणावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा कुणी बिलाच्या एकूण रकमेवरून तुलना केली तर फरसाण उगाच घसरलेलं दिसेल. कर वगळूनच बघायचं. २०२५-२६ मध्ये पाडवा एकच, १९ मार्चचा. आणि २०२६-२७ मध्ये पुन्हा अधिक महिना येतोय, अधिक ज्येष्ठ, म्हणजे २०२७ चा पाडवा एप्रिलात आणि त्या आर्थिक वर्षात पाडवा नाही. तेव्हा श्रीखंडाचा आकडा पडलेला बघून कुणी घाबरू नये, म्हणून अकाउंटंटने फाइलच्या पहिल्याच पानावर लाल शाईने पाडव्याच्या तारखा टाचून ठेवल्यात.