तिसरा कप

"बरका राहिलीये अजून," शेजारच्या काकू म्हणाल्या, आणि मी तोवर उठून चपला शोधत होते.

इथिओपियात, अदिस अबाबामध्ये आज पहिल्यांदा कुणाच्या घरी कॉफीला गेले. मला वाटलं अर्ध्या तासात परत येऊ. पण इथे सुरुवातच हिरव्या बियांपासून. आधी त्या धुतल्या, मग निखाऱ्यांवर पसरट तव्यात सतत हलवत भाजल्या, तडतडून तेलकट काळ्या झाल्या की तवा प्रत्येकाच्या पुढे आणला, धूर हाताने ओढून वास घ्यायचा. मग खलात कुटून पूड जबेनात, म्हणजे लांब मानेच्या मातीच्या सुरईत, पाण्याबरोबर निखाऱ्यावर.

उकळी मानेपर्यंत आली की काकूंनी जबेना उतरवली आणि वेताच्या कड्यावर जराशी कलती ठेवली. गाळ खाली बसेपर्यंत हात लावायचा नाही, घाई केली की तो कपात येतो. मग उंचावरून बारीक धार, बिनकानाच्या छोट्या कपांमध्ये, एका कपावरून दुसऱ्यावर न थांबता.

पहिल्या कॉफीचं नाव अबोल, ती कडक. त्याच पुडीत परत पाणी घालून उकळली की दुसरी तोना, मग तिसरी बरका, सगळ्यात फिकी. बरका म्हणजे आशीर्वाद, तो न घेता उठणं इथे बरं दिसत नाही.

मला ऑनलाइन मीटिंग होती म्हणून मी दुसऱ्यानंतरच उठले होते. बसले परत. मीटिंगला वीस मिनिटं उशीर झाला.

आपल्याकडे पाहुणा शेवटचा निवांत कधी बसला होता?