आमची वाटचाल : ग्रुपवरच्या शंकांची चोवीस पानी पुस्तिका

अंबडला जालना रोडवर आमचं ठिबकचं दुकान २०११ पासून आहे. पुढच्याच वर्षी दुष्काळ पडला आणि २०१२-१३ मध्ये डोळ्यांदेखत मोसंबीच्या बागा वाळल्या. त्यानंतर या भागात ठिबक घेणारे वाढले, आणि नळ्या विकण्यापेक्षा त्या चालू ठेवण्याचं काम आमच्याकडं जास्त येऊ लागलं. २०१८ मध्ये आम्ही गिऱ्हाइकांचा व्हॉट्सॲप ग्रुप केला. कुणी शंका विचारायची, आमचा मेकॅनिक उत्तर द्यायचा, एखादा अनुभवी शेतकरी त्यात भर घालायचा. तीन वर्षांत हा ग्रुप म्हणजे आमच्या धंद्याची मोठी ठेव झाली. पण नव्या माणसाला जुनं उत्तर सापडायचं नाही आणि तीच शंका दर हंगामात पुन्हा यायची. म्हणून एका पावसाळ्यात, दुकानात काम कमी असताना, त्या सगळ्यातून पुस्तिका करायला बसलो.

ग्रुपमधला मजकूर फोनवरून बाहेर काढता येतो. फोटो वगळून काढला की साधी मजकुराची फाइल मिळते. ती छापून पेन्सिल घेऊन बसलो, तर जागोजागी फक्त `<Media omitted>` असं दिसलं. आमचा मेकॅनिक लिहीत नाही, बोलून पाठवतो. म्हणजे ज्याची उत्तरं सर्वांत भरवशाची, त्याचेच सगळे निरोप कागदावरून गायब होते. मग तारीख-वेळ लावून फोनवरचं एकेक बोलणं ऐकलं आणि बायकोनं ते वहीत उतरवून घेतलं. दोन आठवडे त्यातच गेले, पण ते केलं नसतं तर पुस्तिकेत सगळ्यांची उत्तरं आली असती, एक त्याची सोडून.

दुसरी अडचण अशी की ग्रुपमध्ये उत्तर शंकेखाली नसतं. मध्ये दोघांच्या शंका, एखाद्याचं ‘शुभ सकाळ’, आणि मग दुपारी आलेलं ‘व्हॉल्व्ह बघा’. ते कुणाला सांगितलं, हे ओळखायला पुढचे निरोप वाचावे लागतात. ज्यानं विचारलं त्यानं ‘झालं भाऊ, आलं पाणी’ असं कळवलं असेल तर ते उत्तर पक्कं. ज्याखाली काहीच नाही, ते मेकॅनिकला परत विचारल्याशिवाय घेतलं नाही.

मग प्रत्येक शंका-उत्तराची चिठ्ठी कापली आणि दुकानातल्या फरशीवर गट मांडले. पहिली मांडणी मी केली ती दुकानदाराच्या डोक्यानं: फिल्टर, सबमेन, लॅटरल, ड्रिपर, व्हेंच्युरी. आमच्या कपाटातला माल असाच लावलेला असतो. एका नात्यातल्या मामांना कच्ची प्रत देऊन म्हटलं, “शेवटच्या झाडांना पाणी पोचेना, याचं उत्तर काढून दाखवा.” त्यांनी ड्रिपरची पानं उलटली, मग लॅटरलची. उत्तर फिल्टरच्या गटात होतं, जाळी चोंदल्यामुळं दाब पडतो असं. मामा म्हणाले, “आरं, फिल्टरनं आडलंय हे ठावं असतं तर तुला इचारलं कशाला असतं?”

त्या एका वाक्यानं सगळ्या चिठ्ठ्या परत उचलल्या. शेतात उभ्या माणसाला जे दिसतं, ते आता गटाचं नाव झालं: पाणी कमी येतंय, नळीत थर बसलाय, खत जात नाही, नळी फुटली किंवा कुरतडली.

यात ‘पाणी कमी येतंय’ हा गट सर्वांत मोठा निघाला आणि त्यातच खरी गंमत होती. चिठ्ठ्यांवर शब्द एकच, पण शंका तीन. मेकॅनिक दर वेळी आधी उलट विचारायचा, “सगळीकडं कमी का एकाच नळीत?” सगळीकडं कमी असेल तर फिल्टर चोंदलाय किंवा मोटारीचा दाब पडलाय. एकाच नळीत कमी असेल तर ती कुठं तरी पिळलीय, नाही तर खारीनं कुरतडलीय. मधूनमधून एखादा ड्रिपर बंद असेल तर तो आतून चोंदलाय. त्याचा हा उलट प्रश्न ग्रुपमध्ये कुणाच्याच शंकेत नव्हता. आम्ही तो गटाच्या सुरुवातीलाच ठळक छापला आणि त्याखाली तीन वाटा केल्या.

कमी म्हणजे किती, हेही तिथंच दिलं. ताशी ४ लिटरच्या ड्रिपरखाली पेला धरून तीन मिनिटं मोजली तर २०० मिली पाणी जमलं पाहिजे. शेताची सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तीन ठिकाणी मोजलं की निदान अंदाजावर राहत नाही.

सर्वांत जास्त वेळ एकाच शंकेनं घेतला: “ॲसिड किती सोडू?” बोअरच्या जड पाण्यानं ड्रिपरमध्ये चुन्याचा पांढरा थर बसतो, तो हायड्रोक्लोरिक ॲसिडनं विरघळतो. ग्रुपमध्ये यावर एक उत्तर होतं, ‘दीड लिटर’. ज्याला दिलं त्यानं ‘मस्त झालं’ असंही लिहिलेलं. आमच्या नियमानं ते पक्कं उत्तर होतं आणि कच्च्या प्रतीत तसंच गेलं. ती प्रत वाचून एका कापूसवाल्यानं आपल्या एका एकराला दीड लिटर ॲसिड सोडलं. थर हालला नाही. तो दुकानात येऊन म्हणाला, “तिकडं तीन एकर दीड लिटरात साफ झालं म्हणता, आन् माझं एकच एकर होईना?”

त्याचं खरं होतं. हिशोब मांडल्यावर उलगडलं. ज्याला दीड लिटर सांगितलं होतं त्याची तीन एकर मोसंबी. वीस बाय वीस फुटांवर सुमारे ३३० झाडं, प्रत्येक झाडाला ताशी ८ लिटरचे चार ड्रिपर, म्हणजे तासाला साधारण साडेदहा हजार लिटर पाणी. कापूसवाल्याच्या एकरात दीड मीटरवर नळ्या आणि नळीत दर ६० सेंटिमीटरला ४ लिटरचा ड्रिपर, म्हणजे तासाला सुमारे अठरा हजार लिटर. ॲसिड एकराला लागत नाही, नळीतून जाणाऱ्या पाण्याला लागतं. एकर तिसरा हिस्सा असला तरी पाणी पावणेदोन पट होतं.

म्हणून पुस्तिकेतून ‘दीड लिटर’ काढलं आणि त्या जागी मोजायची रीत घातली. १० लिटरची प्लॅस्टिकची बादली आपल्याच पाण्यानं भरायची. हातमोजे आणि चष्मा घालून त्यात एकेक मिली ॲसिड टाकायचं, ढवळायचं आणि पीएच पेपर बुडवायचा. सामू ४ वर आला की थांबायचं. या दोघांचंही पाणी सारखंच निघालं, बादलीला ६ मिली. ॲसिड १५ मिनिटं सोडायचं असतं. तेवढ्या वेळात मोसंबीत साधारण २,६०० लिटर पाणी जातं, त्याला ॲसिड दीड लिटरच्या थोडं वर. कापसात ४,५०० लिटर जातं, त्याला २ लिटर ७०० मिली. शेवटच्या ड्रिपरच्या पाण्यातही पेपरनं सामू ४ च्या आसपास दाखवला पाहिजे. मग चोवीस तास सगळं बंद ठेवायचं, आणि दुसऱ्या दिवशी आधी सबमेनचा फ्लश व्हॉल्व्ह उघडून, नंतर नळ्यांची टोकं सोडून सुटलेला गाळ बाहेर काढायचा. ॲसिड नेहमी पाण्यात ओतायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच ओतायचं नाही. कापूसवाल्यानं या मापानं केलं आणि पेल्यातलं पाणी १२० वरून १९० मिलीवर आलं.

त्यानंतर आकडा असलेली प्रत्येक चिठ्ठी पुन्हा काढली. विचारणाऱ्याच्या मनात आपलं शेत असतं आणि उत्तर देणाऱ्यालाही ते ठाऊक असतं, म्हणून दोघंही ते बोलून दाखवत नाहीत. पुस्तिका वाचणाऱ्याला ते शेत दिसत नाही. म्हणून जिथं आकडा आला, तिथं तो कुठल्या पिकाचा, किती पाण्याचा, ते लिहिलं. लिहिता आलं नाही तिथं आकडा काढून टाकला.

गट करताना एक गोष्ट वेळेवर लक्षात आली, त्याबद्दल मी मेकॅनिकचा ऋणी आहे. हिरव्या, बुळबुळीत थराला, म्हणजे शेवाळाला, ब्लीचिंग पावडर वापरतात. ती चिठ्ठी आणि ॲसिडची चिठ्ठी मी ‘नळीत थर बसलाय’ या गटात एकाखाली एक लावली होती. ग्रुपमध्ये या दोन उत्तरांत सात महिन्यांचं अंतर होतं, पानावर दोन बोटांचं राहिलं. तो म्हणाला, “दादा, हे एकाखाली एक वाचून माणूस दोन्ही एकदम सोडल.” ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो, तो छातीत गेला तर जीवावर बेततं. आता दोन्ही उत्तरं समोरासमोरच्या वेगळ्या पानांवर आहेत आणि दोन्हीच्या पहिल्या ओळीत तोच इशारा आहे. तीच ओळ दोनदा छापल्यानं जागा गेली, ती जाऊ दिली.

अनुदानाच्या शंका भरपूर होत्या, त्या जवळपास सगळ्या गाळल्या. नियम बदलतात, छापलेलं पान बदलत नाही. तिथं महाडीबीटीवर अर्ज करायचा आणि कृषी सहाय्यकाला विचारायचं, एवढंच ठेवलं. विचारणाऱ्यांची नावं, गावं आणि नंबरही काढले, शब्द मात्र त्यांचेच ठेवले. ‘दाबातील घट’ असं कुणी शोधत नाही, ‘पाणी येईना’ असं शोधतात.

पहिल्या छपाईत शेवटची दोन पानं कोरी सोडली होती. परवा घनसावंगीकडच्या एका बागाईतदाराचा फोन आला, “पान अकरावर लिहिल्यापरमानं खरवडलेल्या थरावर ॲसिडचा थेंब टाकला. फेसच आला नाही.” चुना असता तर फसफसला असता. त्याला विचारलं, खत कसं सोडता? कॅल्शियम नायट्रेट आणि १२:६१:०० एकाच टाकीत कालवत होता. त्या दोघांचा टाकीतच साका होतो आणि तोच नळीत जाऊन बसतो. थर दिसतो पांढराच, पण तो पाण्यामुळं नाही, खतामुळं बसतो. ही शंका ‘थर’ गटात ठेवावी की ‘खत’ गटात, यावर मेकॅनिकचं आणि माझं अजून जमलेलं नाही. तूर्त ती कोऱ्या पानावर हातानं लिहिली आहे, आणि पान अकराच्या तळाशी ‘फेस आला नाही तर पान तेवीस बघा’ असा शिक्का मारून उरलेल्या प्रती देतोय.