फांदी जाणार कुठून?

"झाड तर एवढंसं आहे, दोन तासांचं काम. मग साडेसात हजार कसे?"

मी झाडांची छाटणी करून देतो; माझा दर ऐकून एका मालकाने हे विचारलं. त्याचा गुलमोहर पुण्यातल्या एका बंगल्यात होता. दोन जाड फांद्या शेजारच्या पत्र्याच्या शेडवर आल्या होत्या. मोकळ्या अंगणात त्या तासाभरात उतरल्या असत्या. पण खाली पत्रा असेल तर फांदी टाकता येत नाही. आधी तिला दोर बांधायचा, दोराला बुंध्याभोवती वेढे द्यायचे आणि मग एकेक तुकडा हळूहळू खाली सोडायचा. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ, मधेच कडकन मोडतं, म्हणून तुकडे लहान घ्यावे लागतात. त्यात नुसतं उतरवायलाच तीन तास जातात.

माणसं तीन लागतात: वर चढणारा, दोर धरणारा आणि खाली फांद्या तोडणारा. चढणाऱ्याचे पंधराशे, बाकी दोघांचे नऊशे-नऊशे. काम दुपारी दोनला संपलं तरी त्यानंतर त्यांना दुसरं काम मिळत नाही, म्हणून मजुरी मी पूर्ण दिवसाचीच धरतो. झाले तेहेतीसशे.

खरा घोळ कचऱ्यात होतो. सुरुवातीला मी झाडाकडे बघून टेम्पोची एक फेरी सांगायचो आणि तीन लागायच्या; वरच्या दोन माझ्या खिशातून जायच्या. ओल्या फांद्या वजनापेक्षा जागाच जास्त खातात. बेचक्यासकट फांदी टाकली की टेम्पोत निम्मी हवाच भरते. बेचकं कोयत्याने तोडून फांद्या लांबीत, बुडखे एका बाजूला करून रचल्या की तोच माल जवळपास निम्म्या जागेत बसतो. म्हणून तोडणारा माणूस मी कधीच वाचवत नाही. इथे दोन फेऱ्या, बाराशेप्रमाणे चोवीसशे. जाडे ओंडके कुणाला हवे असतील तर ते ठेवून घ्या, तेवढे पैसे मी कमी करतो.

चेनसॉचं पेट्रोल, ऑइल, साखळीला कानस मारणं आणि दोराची झीज मिळून सहाशे. बुंध्यात जुना खिळा किंवा कपडे वाळत घालायची तार रुतलेली असली की साखळीचे दात क्षणात जातात. कापताना ठिणगी उडाली की ओळखावं. म्हणून आधी विचारतो, सालीवरून हात फिरवतो, आणि आत लोखंड निघालं तर साखळीचे पैसे वेगळे असं कागदावर लिहून देतो.

एकूण सहा हजार तीनशे. वर माझी देखरेख आणि जोखीम बाराशे. शेडचा पत्रा फुटला तर तो मीच बदलून द्यायचा. महापालिकेची छाटणीची परवानगी यात नाही. ती मालकाच्या नावाने निघते आणि तो कागद हातात आल्याशिवाय मी झाडाला शिडी लावत नाही.

फोटोवरून दर विचारलात तर मी सांगणार नाही. फोटोत झाड दिसतं, फाटकापासून टेम्पोपर्यंतचा बोळ दिसत नाही. तो चाळीस पावलांचा निघाला तर आणखी एक माणूस वाढतो.